बावीस वर्षं आग लागली नाही, तरी विम्याचा दर कशावरून ठरतो?

प्रश्न: "अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. २२ वर्षांत एकही क्लेम घेतला नाही. यंदा दोन गाळे सोडून आग लागली आणि माझा प्रीमियम वाढवून आला. इतकी वर्षं भरलेले पैसे गेले कुठे, आणि कंपनी हा आकडा काढते तरी कशावरून?"

मी सर्वसाधारण विम्यात २८ वर्षं अंडररायटिंग केलं, म्हणजे कोणता विमा घ्यायचा आणि किती दराने घ्यायचा हे ठरवण्याचं काम. त्यातली बरीच वर्षं सोलापुरात गेली. आधी थोडक्यात सांगतो. तुमचे पैसे त्या-त्या वर्षी ज्यांच्याकडे आग लागली त्यांच्या नुकसानीत गेले. तुमचा आकडा निघतो तो तुमच्यासारख्या सगळ्या कारखान्यांच्या आगींवरून. आणि तुमची २२ वर्षं कोरी गेली, याला त्या हिशेबात फार वजन नसतं. ही तिसरी गोष्ट ऐकून कारखानदार चिडतात, आणि ते मला समजतं. म्हणून तीच जरा सावकाश सांगतो.

आपल्याकडे भिशी सगळ्यांना ठाऊक आहे. वीस जण महिन्याला पाच-पाच हजार टाकतात, दर महिन्याला एकाचा नंबर लागतो आणि वीस महिन्यांत प्रत्येकाला आपले पैसे परत मिळतात. मनात कुठेतरी आपण विम्यालाही भिशीच समजतो, म्हणून "माझा नंबर अजून लागलाच नाही" असं वाटत राहतं. विम्यात नंबर लागत नाही. बहुतेकांचा आयुष्यभर लागू नये, याच अंदाजावर दर इतका कमी ठेवता येतो. सगळ्यांचा नंबर लागणार असता, तर एक कोटीच्या मालासाठी एक कोटीच भरावे लागले असते.

आता आकडे घेऊ. हे आकडे मी समजावण्यासाठी धरलेले आहेत, कोणत्याही कंपनीचे नाहीत. तुमच्यासारखे १,००० कारखाने आहेत, प्रत्येकाचा विमा १ कोटीचा. वर्षाला २०० कारखान्यांमागे एकात आग लागते, म्हणजे हजारात ५ आगी. एका आगीचं सरासरी नुकसान २० लाख. पाच आगींचे झाले १ कोटी. हा कोट हजार जणांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला १०,००० रुपये. एक कोटीवर दहा हजार, म्हणजे हजारी १ रुपया. याला आम्ही शुद्ध प्रीमियम म्हणतो. यात ऑफिसचं भाडं नाही, कमिशन नाही, नफा नाही. फक्त नुकसानीतला तुमचा वाटा आहे.

मग प्रश्न येतो की हे तुम्ही गाळेवाले आपसात का करत नाही? समजा तुमच्या रांगेतल्या वीस जणांनी ठरवलं, आपणच दरवर्षी दहा-दहा हजार जमा करू. वर्षाला २ लाख जमतील. वीस कारखान्यांत आग साधारण दहा वर्षांतून एकदा लागणार, आणि दहा वर्षांत २० लाख जमलेले असतील. कागदावर हिशेब बरोबर जुळतो. पण आग दहाव्या वर्षीच लागेल असं कोणी सांगितलं? ती दुसऱ्याच वर्षी लागली, तर डब्यात ४ लाख आणि नुकसान २० लाख. उरलेले १६ लाख वीस जणांनी खिशातून काढायचे, म्हणजे प्रत्येकी ८०,०००. आणि ज्याचा कारखाना जळाला त्याच्याकडूनही ते घेणार का?

हजार कारखाने असले की चित्र पालटतं. पाच आगी अपेक्षित असल्या तरी दरवर्षी नेमक्या पाच लागत नाहीत. चारातल्या तीन वर्षी त्या ३ ते ७ च्या दरम्यान असतात. दहा किंवा त्याहून जास्त लागण्याचं वर्ष तीसेक वर्षांतून एकदा येतं. कारखाने १ लाख केले तर अपेक्षित आगी ५००, आणि बहुतेक वर्षी आकडा ४५० ते ५५० मध्येच राहतो. कोणाकडे आग लागेल हे एक लाखातही कोणाला सांगता येत नाही. किती लागतील हे मात्र बऱ्यापैकी सांगता येतं. विमा कंपनी हीच गोष्ट विकत असते. तुमच्या एका कारखान्याच्या बाबतीत "लागेल की नाही" असा जो प्रश्न आहे, त्याचं मोठ्या संख्येत "अंदाजे इतक्या" असं उत्तर होतं, आणि त्या अंदाजावर दर बांधता येतो.

एक गोष्ट मात्र मी वर मुद्दाम सोपी केली. "सरासरी २० लाख" म्हटलं, पण २० लाखांची आग प्रत्यक्षात क्वचितच पाहायला मिळते. हजारातल्या त्या पाच आगी खऱ्या आयुष्यात अशा असतात: एका ठिकाणी मेन बोर्ड जळाला, २ लाख. एका ठिकाणी एक लूम आणि त्यावरचा बीम गेला, ३ लाख. मग ५ लाखांची एक, १० लाखांची एक. आणि एक अशी, की गोडाऊनमधलं सूत पेटलं, पत्रे खाली आले आणि ८० लाख गेले. बेरीज एक कोटीच. पण त्यातले ८० टक्के एकाच आगीचे. ज्या वर्षी ती मोठी आग लागत नाही, त्या वर्षी वीस लाखांत भागतं आणि सगळ्यांना वाटतं कंपनीने लुटलं. दोन मोठ्या लागल्या की जमा झालेले सगळे पैसे जाऊन वर गाठीचे घालावे लागतात. म्हणून आगीचा दर एका-दोन वर्षांच्या अनुभवावरून कोणी काढत नाही. लहान आगींसाठी पाच वर्षं पुरतात. मोठ्या आगीसाठी कितीतरी जास्त वर्षांचा आणि साऱ्या देशातल्या तशा कारखान्यांचा अनुभव एकत्र करावा लागतो.

आता तुमची २२ वर्षं. वर्षाला २०० त १ हा धोका धरला, तर २२ वर्षांत एकदाही आग न लागणारे कारखाने हजारात किती निघतील? सुमारे ८९५. म्हणजे तुमच्या जागी दुसरा कोणीही असता, तरी बहुतेक त्याची पाटी कोरीच असती. आता समजा दुसरा एक गट आहे, ज्यांचा धोका तुमच्या दुप्पट आहे, १०० त १. वायरिंग जुनं, सूत कुठेही रचलेलं. त्यांच्यातही २२ वर्षं आग न लागलेले हजारात सुमारे ८०० सापडतील. कोरी पाटी घेऊन तुम्ही माझ्यासमोर बसलात, तर तुम्ही पहिल्या गटातले की दुसऱ्या, हे त्या पाटीवरून मला कळत नाही. ८९५ आणि ८०० मध्ये फरक आहे, पण तो इतका थोडा आहे की त्यावर मोठी सूट देता येत नाही. तुमच्यावर अविश्वास आहे असं नाही. आग ही इतकी क्वचित घडणारी गोष्ट आहे की एका कारखान्याची २२ वर्षं तिच्याबद्दल फार थोडं सांगतात.

"मग गाडीला नो क्लेम बोनस कसा मिळतो?" हे मला शेकडो जणांनी विचारलं आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात पहिल्या कोऱ्या वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के सूट मिळते. कारण गाडीचे लहानमोठे क्लेम वारंवार येतात. समजा बेफिकीर चालवणाऱ्याचा क्लेम पाच वर्षांतून एकदा येतो आणि जपून चालवणाऱ्याचा दहा वर्षांतून एकदा. पाच वर्षं कोरी गेलेले बेफिकिरांमध्ये हजारी ३२८ निघतात, तर जपणाऱ्यांमध्ये ५९०. इथे कोरी पाटी खरंच काहीतरी बोलते. तुमच्या कारखान्यातली आग तुमच्या स्कूटरच्या घासण्याइतकी वारंवार लागत असती, तर तुम्हालाही ५० टक्के मिळाले असते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. यात मी स्वतः चुकलेलो आहे. २००७ च्या जानेवारीपर्यंत आगीचे दर टॅरिफ अॅडव्हायजरी कमिटी ठरवायची. आमच्या हातात फार काही नसायचं. दर मोकळे झाल्यावर कंपन्या एकमेकींच्या खाली भाव करू लागल्या आणि सूट देण्याचा अधिकार आमच्यासारख्यांच्या टेबलावर आला. त्या दोन-तीन वर्षांत मी एका यंत्रमाग कारखान्याला "पंधरा वर्षं क्लेम नाही" या एका कारणावर भरपूर सूट दिली. जागेवर गेलो नाही, फाइलमधला जुना नकाशा पाहिला. त्या नकाशात लूम शेड आणि गोडाऊन यांच्यामध्ये भिंत होती. प्रत्यक्षात नवे लूम बसवताना ती भिंत काढून टाकली होती. पुढच्या उन्हाळ्यात एका लूमच्या मोटरपाशी ठिणगी पडली आणि शेडमध्ये थांबू शकणारी आग सरळ सुतावर गेली. सर्व्हेअरचा अहवाल वाचताना मला कळलं, की ज्या पंधरा वर्षांना मी सूट दिली, त्यातली तेरा वर्षं भिंत असलेल्या कारखान्याची होती. मी विमा केला तो कारखाना दुसराच होता.

म्हणून आम्ही पाटी बाजूला ठेवून जागा पाहतो. तपासणीला आलेला माणूस तुमच्या कारखान्यात काय बघतो ते सांगतो. सगळ्यात आधी तो वर बघतो. पत्र्याखालच्या अँगलवर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर, वायरच्या पाइपवर सुतातून उडालेली रुई किती जाड बसली आहे. टॉवेलच्या कारखान्यात ती बसणारच, प्रश्न ती आठवड्याला झाडली जाते की दिवाळीला, हा आहे. मी बोट फिरवून पाहायचो. बोटाला धूळ लागली तर ठीक. बोटावर वातीसारखा पट्टा गुंडाळून आला, की वहीत नोंद. त्या पट्ट्यावरून आग शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला बघता बघता धावते, खाली माणसांना कळायच्या आत. मग तो मेन बोर्ड उघडायला लावतो. आत फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळलेली आहे का, झाकणाच्या आत रुई शिरली आहे का, वायरचं आवरण काळं पडलंय का. मग गोडाऊन. सुताची पोती छताला टेकली आहेत का, की वर हातभर मोकळी जागा आहे. पोत्यांच्या ढिगावरून उघडी वायर गेली आहे का. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार असतो, पत्र्याखाली त्याहून जास्त. वायरवर भार वाढतो, पंखे दिवसभर चालतात, आणि सगळं सूत कडकडीत कोरडं झालेलं असतं. शेवटी तो शेड आणि गोडाऊन यांच्यामधली भिंत पाहतो. भिंत छतापर्यंत भिडली आहे की वर दोन फूट फट आहे. वर फट असलेली भिंत आगीला भिंत वाटत नाही.

यातल्या काही गोष्टी आग लागण्याची शक्यता बदलतात आणि काही आग लागल्यावर नुकसान किती होईल ते बदलतात. वायरिंग आणि रुई पहिल्या प्रकारातल्या. भिंत, गोडाऊनची रचना, पाण्याची टाकी, बंबाला आत वळता येईल इतका रस्ता या दुसऱ्या. माझ्या अनुभवात दुसऱ्या प्रकाराने दर जास्त हलायला हवा, कारण वर पाहिलं तसं, पैशाच्या दृष्टीने सगळा खेळ त्या एका ८० लाखांच्या आगीचा असतो.

कोणी म्हणेल, इतकं बघत बसण्यापेक्षा सगळ्यांना सारखा दर लावा, हजारी एक रुपया, विषय संपला. तसं का चालत नाही ते बघा. हजारातले ६०० कारखाने नीटनेटके आहेत, त्यांचा खरा वाटा ५,००० रुपये. उरलेले ४०० धोक्याचे, त्यांचा खरा वाटा १७,५००. सरासरी बरोबर १०,००० येते. सगळ्यांना १०,००० लावले की नीटनेटक्यांना ते महाग वाटतं. त्यातले ३०० जण विमा सोडतात किंवा दुसऱ्या कंपनीकडे जातात. धोक्याचे ४०० मात्र आनंदाने राहतात. आता ७०० जणांचं नुकसान ८५ लाख, म्हणजे प्रत्येकी १२,१४३. पुढच्या वर्षी दर तिथे नेला, की उरलेल्या नीटनेटक्यांतले आणखी काही जातात. असं होत होत शेवटी दर १७,५०० वर पोचतो आणि आत फक्त धोक्याचेच उरतात. वर्गवारी करणं हा कंपनीचा खडूसपणा वाटतो, पण ती केली नाही तर चांगल्या कारखानदाराला परवडेल असा विमा बाजारात राहतच नाही.

शुद्ध प्रीमियम दहा हजार निघाला. तुमच्या पावतीवर मात्र त्याहून बराच मोठा आकडा असतो. मधल्या रकमेत एजंटचं कमिशन, ऑफिसचा खर्च, सर्व्हेअरची फी, पुनर्विम्याचा म्हणजे कंपनीने स्वतःवरच्या धोक्याचा जो विमा काढलेला असतो त्याचा खर्च, आणि कंपनीचा नफा असतो. समजा हे सगळं मिळून प्रीमियमच्या ३५ टक्के आहे. नवशिका माणूस इथे १०,००० वर ३५ टक्के चढवून १३,५०० म्हणतो. पण कमिशन शुद्ध प्रीमियमवर मिळत नाही, पूर्ण प्रीमियमवर मिळतं. १३,५०० चे ३५ टक्के ४,७२५ होतात, आणि नुकसानीसाठी उरतात फक्त ८,७७५. प्रत्येक पॉलिसीमागे सव्वाबाराशे कमी, हजार पॉलिसींमागे सव्वाबारा लाखांचा खड्डा. म्हणून १०,००० ला ०.६५ ने भागायचं, उत्तर येतं सुमारे १५,४००. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे तुमच्या खिशातून जवळपास १८,२००.

चांगल्या वर्षी पाचऐवजी दोनच आगी लागल्या तर उरलेले पैसे काय होतात? ते परत येत नाहीत. दहा आगींच्या वर्षासाठी कंपनीला गाठीला भांडवल ठेवावंच लागतं. आपल्याकडे विमा नियामक आयआरडीएआयने त्याची किमान पातळी घालून दिली आहे. ठरलेल्या सूत्राने जितकी तरतूद लागते, तिच्या दीडपट मालमत्ता हाताशी हवी. विमा घेताना कंपनीचा हा सॉल्व्हन्सी रेशो बघणारा ग्राहक मला क्वचितच भेटला. तो १.५ च्या खाली गेलेल्या कंपनीकडे स्वस्त दर मिळत असेल, तर तो घेताना मी दोनदा विचार करीन.

आता तुमच्या दुखऱ्या जागेवर येतो. शेजारच्या आगीने तुमचा दर का वाढला?

वरचा सगळा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे: एकाच्या आगीचा दुसऱ्याच्या आगीशी संबंध नसावा. सोलापुरातला एक, इचलकरंजीतला एक, भिवंडीतला एक, मालेगावातला एक असे कारखाने असतील तर तो नसतोच. पण एकाच रांगेतले वीस गाळे, सामायिक भिंती, पत्र्याला पत्रा चिकटलेला आणि वाऱ्याच्या दिशेला सुताचं गोडाऊन, हे वीस वेगळे धोके नाहीत. अंडररायटरच्या वहीत तो अर्धाअधिक एकच धोका असतो. एकाची आग वाढली तर एका रात्रीत चार-पाच क्लेम येतात. अशा वीस जणांचे पैसे एकत्र केल्याने अंदाज पक्का होत नाही. म्हणून कंपनी एका आवारात एकूण किती कोटींचा विमा आपण घेतलाय याची वेगळी नोंद ठेवते. दोन गाळे सोडून आग लागल्यावर कोणीतरी ती नोंद उघडली असणार आणि तुमच्या रांगेकडे नव्याने पाहिलं असणार. त्या आगीचं नुकसान तुमच्याकडून वसूल करणं हा त्यामागचा हेतू नसतो, तो पैसा आधीच्या प्रीमियममधून जातो. पुढच्या वर्षीचा अंदाज बदलला म्हणून दर बदलतो.

याचं टोकाचं रूप म्हणजे भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जो भूकंप झाला, त्याचे हादरे सोलापुरात ज्यांना बसले ते अजून सांगतात. अशा घटनेत हजार कारखान्यांचा सरासरीचा हिशेब कामाचाच नसतो. पन्नास वर्षं काही नाही आणि एका पहाटे सगळे एकदम. म्हणून भूकंपाचा भाग आगीच्या दरात मिसळत नाहीत. तो पट्ट्यानुसार वेगळा धरतात, आणि त्याचं ओझं कंपनी एकटी उचलत नाही. ती पुढे पुनर्विमा कंपनीकडे पाठवते. आपल्या देशात प्रत्येक पॉलिसीतला ४ टक्के भाग नियमानेच जीआयसी री या सरकारी पुनर्विमा कंपनीकडे जातो. मोठ्या रकमांचा आणखी बराच भाग करारांनी देशात आणि परदेशात वाटला जातो. सोलापूरच्या गाळ्याचा धोका अशा रीतीने दूरदूरच्या धोक्यांच्या शेजारी जाऊन बसतो, आणि तिथे तो पुन्हा एकमेकांशी संबंध नसलेला होतो. हे करार साधारण १ एप्रिलला नव्याने होतात. पुनर्विमा महाग झाला की एप्रिलनंतरच्या नूतनीकरणात तुमच्याकडे एकही आग न लागता दर वाढतो. तुमच्या वाढीत शेजारची आग किती आणि हे किती, हे कंपनीला विचारल्याशिवाय कळणार नाही.

आणखी एक कारण असू शकतं. २००७ नंतरच्या भाव पाडण्यात काही व्यवसायांचे दर नुकसानीच्याही खाली गेले होते. इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो सगळ्या कंपन्यांचे क्लेम गोळा करून व्यवसायवार जळीत खर्च, म्हणजे विम्याच्या रकमेमागे सरासरी नुकसान किती होतं, ते काढते. २०१९ पासून जीआयसी रीने काही व्यवसायांच्या पुनर्विम्यासाठी त्याच आकड्यांना तळ मानायला सुरुवात केली, आणि ज्यांना फार मोठी सूट मिळत होती त्यांना एकदम झळ बसली. तुमचा आधीचा दर अशा सुटीचा असेल, तर यंदाचा दर वाढलेला वाटतो, पण तो खरं तर मूळ जागी आलेला असतो.

दर वाढला की कारखानदार हमखास एक चूक करतात, विम्याची रक्कम कमी करतात. कृपा करून ते करू नका. का, ते बघा. हजारी १ रुपया हा दर पूर्ण किमतीवर बांधलेला असतो, आणि पाचातल्या चार आगी लहान असतात. मालमत्ता १ कोटीची, विमा ६० लाखांचा आणि नुकसान १० लाखांचं झालं, तर "६० लाखांचा विमा आहे, १० लाख मिळतीलच" असं होत नाही. तुम्ही ६० टक्के वाटा भरलात, म्हणून ६० टक्केच मिळतात, ६ लाख. २०२१ च्या एप्रिलपासून ५ कोटींपर्यंत भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि ५ ते ५० कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा या पॉलिसी आल्या. त्यात १५ टक्क्यांपर्यंतचा असा कमीपणा सोडून देतात. त्याहून जास्त असेल तर कापतात. लूमची किंमत आज तसा लूम आणून बसवायला काय लागेल ती धरा, वहीत घसारा जाऊन उरलेली धरू नका. आणि सणाच्या आधी गोडाऊनमध्ये माल दुप्पट होत असेल, तर ती जास्तीची रक्कम लिहा.

आणि हेही विसरू नका, की ही पॉलिसी इमारत, यंत्रं आणि मालाची आहे. मे २०२५ मध्ये आपल्याच अक्कलकोट रोडवर कारखान्याच्या आगीत आठ जीव गेले. कामगारांसाठीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. आणि गाळ्यातच वरच्या मजल्यावर कोणी राहत असेल, तर कोणताही विमा घेण्याआधी त्यांना उतरायला दुसरा जिना करा.

आता तुम्ही काय करायचं? नूतनीकरणाच्या किमान महिनाभर आधी शाखेत जा आणि तुमच्या पॉलिसीचं शेड्यूल समोर ठेवा. तुमचा व्यवसाय कोणत्या वर्गात धरलाय ते विचारा. बऱ्याच टॉवेलवाल्यांकडे पूर्वी डाईंग होतं, आता ते बाहेरून करून घेतात, पण कागदावर अजून डाईंग आणि बॉयलर चालू असतो. तसं असेल तर दुरुस्तीचं पत्र द्या. मग जागेची तपासणी लेखी मागा. ती व्हायच्या आधी भिंतीवरची फट विटांनी बंद करा, फ्यूजची तार काढून योग्य एमसीबी बसवून घ्या, पोती छतापासून खाली आणा, आणि रुई झाडण्याची तारखांची वही ठेवा. "२२ वर्षं क्लेम नाही" हे वाक्य पत्रात खाली टाका. सुरुवातीला भिंतीचा फोटो लावा, आधीचा आणि नंतरचा. माझ्या टेबलावर तसं पत्र आलं असतं, तर मी पहिल्यांदा तो फोटो पाहिला असता आणि मग जागेवर येऊन ती भिंत छताला खरंच भिडली आहे का, हे हात लावून बघितलं असतं.